जुन्या सोडवलेल्या तक्त्याचे रकाने घ्या, ओळी घेऊ नका: लेव्हलिंग आणि ट्रॅव्हर्सचे तक्ते भरताना

सर्व्हेइंगचा पेपर आठवड्यावर आला की आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सोडवलेल्या जुन्या पेपरांची चळत लागते. पोरं सकाळच्या एसटीनं येतात, चार पानं झेरॉक्स करून घेतात आणि त्यातला तक्ता पाठ करतात. तक्ता पाठ करण्यात वाईट काही नाही. पेपरात रकान्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरंच. पण तपासताना दरवर्षी तेच दिसतं: रकान्यांबरोबर जुन्या गणिताच्या ओळी आणि जुन्या गणिताची चिन्हंही उतरलेली असतात.

"सर, टॅली तर होऊन राहिलं, मंग चुकलं कुठं?" हा प्रश्न मला ठरलेला आहे. उत्तर बहुतेक वेळा तीन जागी सापडतं: चेंज पॉइंट कुठे धरला, करेक्शनचं चिन्ह कुठून आणलं, आणि टॅली नेमकं कशाचं केलं.

## १. जुन्या तक्त्यावर आधी पेन्सिल फिरवा

सोडवलेलं गणित समोर घ्या आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला विचारा: ही पद्धतीतून आली की प्रश्नातून? रकान्यांची नावं आणि त्यांचा क्रम पद्धतीतून येतो. खालची बेरजेची ओळ आणि टॅलीचं सूत्रही पद्धतीचंच. तेवढं वहीत उतरवा. ओळी किती, बी.एस. आणि एफ.एस. कोणत्या ओळीत एकत्र आले, राइज भरला की फॉल, करेक्शन अधिक की उणे, हे सगळं त्या एका प्रश्नाचं आहे. त्यावर सरळ काट मारा. म्हणजे वहीत मथळे असलेला रिकामा तक्ता उरतो, आणि सरावाला तोच घ्यायचा.

तपासा: प्रश्नात पद्धत सांगितली आहे का? 'राइज अँड फॉलने सोडवा' असं असताना कॉलिमेशनचा तक्ता उतरवला, तर आर.एल. बरोबर येऊनही विचारलेल्या पद्धतीचे रकाने कोरे राहतात.

## २. लेव्हलिंग: तक्त्याला हात लावण्याआधी रीडिंगची रांग

उदाहरण घेऊ. सलग उताराच्या जमिनीवर ४ मीटरचा स्टाफ लावून २० मीटर अंतरावर घेतलेली रीडिंग अशी आहेत: ०.७८०, १.५३५, २.८६०, ३.७२०, ०.६४०, १.९२५, ३.१०५, ०.९१५, २.२४०, ३.३८०. पहिल्या बिंदूचा आर.एल. ३१०.५०० मीटर. इन्स्ट्रुमेंट कधी हलवलं ते प्रश्नात दिलेलं नाही.

ही दहा रीडिंग कच्च्या पानावर एका रांगेत लिहा. जमीन सतत उतरते आहे, म्हणजे एका जागेवरून पाहताना रीडिंग वाढतच जायला हवं. ज्या ठिकाणी ते एकदम घसरतं, तिथे इन्स्ट्रुमेंट हललं. ३.७२० नंतर ०.६४० आलं, आणि ३.१०५ नंतर ०.९१५. या दोन ठिकाणी उभी रेघ मारा:

०.७८०, १.५३५, २.८६०, ३.७२० | ०.६४०, १.९२५, ३.१०५ | ०.९१५, २.२४०, ३.३८०

आता नियम एकच. प्रत्येक गटातलं पहिलं रीडिंग बी.एस., शेवटचं एफ.एस., मधली सगळी आय.एस. रेघेच्या दोन्ही बाजूंची दोन रीडिंग एकाच बिंदूवरची आहेत, कारण स्टाफ तिथेच उभा राहिला आणि इन्स्ट्रुमेंट पुढे गेलं.

जमीन चढती असेल तर उलटं बघायचं. तिथे रीडिंग कमी होत जातं आणि एकदम वाढलं की चेंज पॉइंट. उताराचं गणित पाठ केलेला मुलगा चढाच्या गणितात अडकतो तो इथेच.

प्रश्नात 'तिसऱ्या आणि सातव्या रीडिंगनंतर इन्स्ट्रुमेंट हलवलं' असं दिलं असेल तर 'नंतर' या शब्दावर बोट ठेवा. तिसरं रीडिंग एफ.एस. आहे आणि चौथं बी.एस. मी स्वतः डिप्लोमाला असताना तिसरंच बी.एस. धरलं होतं, कारण पाठ केलेल्या गणितात त्या जागी बी.एस. होतं. पुढचे सगळे आर.एल. चुकले आणि मला पेपर हातात पडेपर्यंत ते कळलंही नाही.

तपासा: तक्त्यातल्या ओळी = एकूण रीडिंग − चेंज पॉइंट. इथे १० − २ = ८. जुन्या तक्त्यात अकरा ओळी होत्या म्हणून आपणही अकरा आखायच्या नाहीत.

## ३. ओळी भरा, मग राइज-फॉल काढा

आधी सगळी रीडिंग तक्त्यात टाका आणि त्यानंतरच वजाबाकीला लागा. एक रीडिंग टाकलं, लगेच फॉल काढला, असं करत गेलं की चेंज पॉइंटच्या ओळीत गोंधळ होतो.

| बिंदू | बी.एस. | आय.एस. | एफ.एस. | राइज | फॉल | आर.एल. | शेरा |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | ०.७८० | | | | | ३१०.५०० | बेंचमार्क |
| २ | | १.५३५ | | | ०.७५५ | ३०९.७४५ | |
| ३ | | २.८६० | | | १.३२५ | ३०८.४२० | |
| ४ | ०.६४० | | ३.७२० | | ०.८६० | ३०७.५६० | चेंज पॉइंट १ |
| ५ | | १.९२५ | | | १.२८५ | ३०६.२७५ | |
| ६ | ०.९१५ | | ३.१०५ | | १.१८० | ३०५.०९५ | चेंज पॉइंट २ |
| ७ | | २.२४० | | | १.३२५ | ३०३.७७० | |
| ८ | | | ३.३८० | | १.१४० | ३०२.६३० | शेवट |
| बेरीज | २.३३५ | | १०.२०५ | ०.००० | ७.८७० | | |

चौथ्या ओळीकडे नीट बघा. तिथला फॉल ३.७२० आणि मागच्या २.८६० यांच्यातला आहे, म्हणजे ०.८६०. त्या ओळीतल्या ०.६४० ला तेव्हा हात लावायचा नाही. ते कामाला येतं पाचव्या ओळीत: १.९२५ − ०.६४० = १.२८५. वजाबाकी नेहमी एकाच गटातल्या शेजारच्या दोन रीडिंगमध्ये होते, म्हणून कच्च्या पानावरच्या त्या उभ्या रेघा पेपर संपेपर्यंत खोडू नका. चौथ्या ओळीत ३.७२० मधून ०.६४० वजा करणारे दर बॅचला चार-पाच तरी सापडतात. एका ओळीत दोन आकडे दिसले की हात आपोआप वजाबाकीकडे जातो.

सावधान: पुलाच्या स्लॅबच्या किंवा बीमच्या तळाला स्टाफ उलटा धरला असेल तर ते रीडिंग तक्त्यात उणे चिन्हासह जातं. जुन्या तक्त्यात उणे रीडिंग नव्हतं म्हणून चिन्ह गाळू नका. मागचं रीडिंग १.२५० आणि उलट्या स्टाफचं −२.४०० असेल तर राइज १.२५० − (−२.४००) = ३.६५० येतो. शेऱ्यात 'उलटा स्टाफ' लिहा.

## ४. टॅली कशाचं झालं ते ओळखा

सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

बी.एस.ची बेरीज − एफ.एस.ची बेरीज = राइजची बेरीज − फॉलची बेरीज = शेवटचा आर.एल. − पहिला आर.एल.

आपल्या गणितात तिन्हीकडे −७.८७० येतं. ते तीनदा वेगवेगळं काढा. एकदा काढून बरोबरच्या चिन्हांनी पुढे रेटलेलं टॅली तपासनिसाला लगेच कळतं, कारण त्यात वजाबाकीचे आकडेच नसतात.

पहिलं आणि दुसरं जुळलं नाही तर चूक राइज-फॉलच्या वजाबाकीत किंवा या बेरजांमध्ये आहे. ते दोन्ही जुळले आणि तिसरं नाही, तर आर.एल. काढताना चुकलं.

आता 'टॅली झालं, मंग चुकलं कुठं' याचं उत्तर. हेच गणित कॉलिमेशन पद्धतीने केलं तर पहिली इन्स्ट्रुमेंटची उंची ३१०.५०० + ०.७८० = ३११.२८०. दुसऱ्या बिंदूचा आर.एल. ३११.२८० − १.५३५ = ३०९.७४५. समजा घाईत तो ३०९.४७५ लिहिला गेला. तिसरा आर.एल. दुसऱ्यावरून निघत नाही, तोही ३११.२८० मधूनच निघतो. त्यामुळे चूक तिथेच दबून राहते. शेवटचा आर.एल. बरोबर येतो, टॅलीही होतं. कॉलिमेशनमधलं नेहमीचं टॅली फक्त चेंज पॉइंट आणि शेवटचा बिंदू तपासतं, मधले आय.एस.चे आर.एल. तपासत नाही. राइज अँड फॉलमध्ये हीच चूक पुढच्या प्रत्येक आर.एल.मध्ये वाहत जाते आणि शेवटी पकडली जाते.

म्हणून पद्धत निवडायची मुभा असेल आणि मधले बिंदू फार नसतील तर मी राइज अँड फॉल घ्यायला सांगतो. कॉलिमेशनच मागितलं असेल तर आय.एस.च्या ओळी पुन्हा एकदा वजा करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सावधान: ग्रेडियंट विचारला असेल तर अंतर बिंदूंच्या संख्येवरून नाही, मधल्या टप्प्यांच्या संख्येवरून काढा. आठ बिंदूंत सात टप्पे, म्हणजे ७ × २० = १४० मीटर. ग्रेडियंट १४० ÷ ७.८७० = १७.७९, म्हणजे १७.७९ ला १, उतरता. १६० मीटर धरून केलेलं उत्तर मी इतक्यांदा पाहिलं आहे की ते दुरून ओळखू येतं.

आणखी एक फसगत. आर.एल. पहिल्याऐवजी शेवटच्या बिंदूचा दिला असेल तर तक्ता उलटा भरायची गरज नाही. रीडिंग टाकून दोन बेरजा करा आणि पहिला आर.एल. = शेवटचा आर.एल. − (बी.एस.ची बेरीज − एफ.एस.ची बेरीज) असा काढा. मग नेहमीसारखं वरून खाली या.

## ५. ट्रॅव्हर्स: तक्ता कुठून सुरू होतो ते ठरवा

गेल्स ट्रॅव्हर्स टेबल लांबलचक असतं. पोरं ते अख्खं आखतात आणि अर्धे रकाने कोरे सोडतात. आधी प्रश्नात काय दिलं ते बघा. आतले कोन दिले असतील तर पहिलं काम कोनांची बेरीज (२n − ४) × ९०° शी जुळवण्याचं. चार बाजूंना ३६०°, पाच बाजूंना ५४०°. जुनं गणित चौकोनाचं होतं म्हणून पंचकोनातही ३६०° धरून करेक्शन वाटणारे असतात. कोन दुरुस्त झाल्यावर बेअरिंग, आणि त्यानंतर लॅटिट्यूड-डिपार्चर. बेअरिंग थेट दिले असतील तर कोनाचे रकाने आखूच नका.

आपलं उदाहरण घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या ABCDA चं, बेअरिंग दिलेले: AB १०० मी., ४०°००', BC ८० मी., १२०°३०', CD १२० मी., २१७°१५'; DA ८५.२ मी., ३१४°३०'.

## ६. लॅटिट्यूड-डिपार्चर: चिन्ह एकाच वाटेने आणा

चिन्ह आणायच्या वाटा दोन आहेत. पूर्ण बेअरिंग थेट कॅल्क्युलेटरवर टाकलं तर l cos θ आणि l sin θ चिन्हासकट येतात. किंवा रिड्यूस्ड बेअरिंग काढून उत्तर सगळं अधिक घ्यायचं आणि चिन्ह दिशेवरून लावायचं. दोन्ही बरोबर आहेत, पण एका गणितात एकच वापरा. कॅल्क्युलेटरने दिलेल्या −४०.६०३ ला 'दक्षिण आहे' म्हणून पुन्हा उणे लावलं की ते अधिक होतं आणि BC ही रेषा थेट उत्तरेला पळते.

दुसरी चूक मिनिटांची. १२०°३०' म्हणजे १२०.५, १२०.३० नाही. १२०.३० टाकलं तर BC चं लॅटिट्यूड ४०.६०३ ऐवजी ४०.३६२ येतं, म्हणजे एका रेषेत चोवीस सेंटिमीटरची चूक. कॅल्क्युलेटरवरचं अंश-मिनिटांचं बटण वापरा किंवा मिनिटांना ६० ने भागा. आणि स्क्रीनवर `D` किंवा `DEG` दिसतं का ते पेपर हातात यायच्या आधीच बघून ठेवा.

| रेषा | लांबी | उत्तर | दक्षिण | पूर्व | पश्चिम |
|---|---|---|---|---|---|
| AB | १००.० | ७६.६०४ | | ६४.२७९ | |
| BC | ८०.० | | ४०.६०३ | ६८.९३० | |
| CD | १२०.० | | ९५.५२० | | ७२.६३५ |
| DA | ८५.२ | ५९.७१७ | | | ६०.७६९ |
| बेरीज | ३८५.२ | १३६.३२१ | १३६.१२३ | १३३.२०९ | १३३.४०४ |

तपासा: प्रत्येक ओळीत उत्तर-दक्षिणपैकी एक आणि पूर्व-पश्चिमपैकी एकच आकडा असावा. कच्च्या पानावर अंदाजे आकृती काढा. रेषा कुठे जाते ते तिथे डोळ्यांना दिसतं.

## ७. करेक्शन: जुन्या गणितातलं चिन्ह इथे हमखास फसवतं

आपल्या तक्त्यात उत्तर दक्षिणेपेक्षा ०.१९८ ने जास्त आहे आणि पश्चिम पूर्वेपेक्षा ०.१९५ ने. क्लोजिंग एरर = √(०.१९८² + ०.१९५²) = ०.२७८ मीटर, परिमितीशी प्रमाण साधारण १३८६ ला १.

बाउडिचच्या नियमाने प्रत्येक रेषेचं करेक्शन = एकूण चूक × त्या रेषेची लांबी ÷ परिमिती. AB साठी लॅटिट्यूडचं ०.१९८ × १०० ÷ ३८५.२ = ०.०५१. आकडा काढेपर्यंत फारसं कोणी चुकत नाही. चुकतं ते अधिक-उणे करताना.

नियम इतकाच: जो रकाना जड, त्यातून वजा, जो हलका, त्यात मिळवा. इथे उत्तर जड आहे, म्हणून उत्तरेतून वजा आणि दक्षिणेत मिळवायचं. पूर्व हलकी आहे, म्हणून पूर्वेत मिळवायचं आणि पश्चिमेतून वजा. झेरॉक्समधल्या गणितात दक्षिण जड असेल तर तिथे सगळं नेमकं उलटं दिसेल. ते उतरवलं की ०.१९८ ची चूक मिटायच्या ऐवजी दुप्पट, ०.३९६ होते.

चिन्हांचा एकच रकाना वापरत असाल तर BC मध्ये सांभाळा: −४०.६०३ + (−०.०४१) = −४०.६४४. आकडा वाढतो. 'उणे करेक्शन' ऐकून तो −४०.५६२ करणारे पुष्कळ आहेत.

| रेषा | लॅटिट्यूड करेक्शन | दुरुस्त लॅटिट्यूड | डिपार्चर करेक्शन | दुरुस्त डिपार्चर |
|---|---|---|---|---|
| AB | −०.०५१ | +७६.५५३ | +०.०५१ | +६४.३३० |
| BC | −०.०४१ | −४०.६४४ | +०.०४० | +६८.९७० |
| CD | −०.०६२ | −९५.५८२ | +०.०६१ | −७२.५७४ |
| DA | −०.०४४ | +५९.६७३ | +०.०४३ | −६०.७२६ |
| बेरीज | −०.१९८ | ०.००० | +०.१९५ | ०.००० |

तपासा: करेक्शनची बेरीज आधी करा, मग ते लावा. तिसऱ्या दशांशात ०.००१ चा फरक राहिला तर तो सगळ्यात लांब रेषेच्या करेक्शनमध्ये घाला.

सावधान: प्रश्नात ट्रान्झिट नियम मागितला असेल तर लांबी ÷ परिमिती चालत नाही. लॅटिट्यूडच्या करेक्शनसाठी त्या रेषेचं लॅटिट्यूड भागिले सगळ्या लॅटिट्यूडची चिन्ह न धरता केलेली बेरीज (इथे १३६.३२१ + १३६.१२३ = २७२.४४४) असं घ्यायचं. डिपार्चरचंही तसंच. रकान्यांची नावं दोन्ही नियमांत सारखीच असल्यामुळे ही चूक वरवर दिसत नाही.

## ८. इंडिपेंडंट कोऑर्डिनेट्स आणि शेवटची ओळ

A चे कोऑर्डिनेट्स प्रश्नात नसतील तर असे धरा की कुठलाही बिंदू उणे होणार नाही. इथे उत्तर २००, पूर्व २०० पुरतं. जुन्या गणितात १०० होतं म्हणून डोळे झाकून १०० घेऊ नका. तुमचा ट्रॅव्हर्स मोठा असेल तर तेवढ्यात तो दक्षिणेला शून्याखाली जाईल.

दुरुस्त लॅटिट्यूड-डिपार्चर मिळवत जा: B (२७६.५५३, २६४.३३०), C (२३५.९०९, ३३३.३००), D (१४०.३२७, २६०.७२६). बहुतेक पोरं इथेच थांबतात. आणखी एक ओळ लिहा आणि DA मिळवून A वर परत या: १४०.३२७ + ५९.६७३ = २००.०००, २६०.७२६ − ६०.७२६ = २००.०००. ही ओळ जुळली की बेरजा तपासल्या गेल्या.

नाही जुळली आणि वेळ संपत आला असेल तर फरकाकडे बघा. तो एखाद्या दुरुस्त आकड्याच्या दुपटीएवढा असेल तर त्या रेषेचं चिन्ह उलटं लागलं आहे. चूक नाहीच सापडली तर A चा आकडा जबरदस्तीने २०० करू नका. आलेला फरक तसाच लिहून ठेवा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.